रिकामी सीट म्हणजे होल नव्हे

ठाण्याहून पनवेलला जाणाऱ्या लोकलमध्ये खिडकीजवळचा माणूस ऐरोलीला उतरतो. शेजारचा खिडकीकडे सरकतो, त्याच्या शेजारचा त्याच्या जागी येतो आणि चौथ्या सीटवर कसाबसा टेकलेल्याला एकदाचं नीट बसायला मिळतं. माणसं खिडकीकडे सरकली, रिकामी जागा मात्र उलटी, पॅसेजकडे गेली. पी प्रकारच्या अर्धवाहकात इलेक्ट्रॉनची उणीव असते आणि ती उणीव, म्हणजे होल, धन प्रभारासारखी करंट वाहून नेते. हे होल समजावताना आम्ही शिक्षक हेच उदाहरण देतो. मीही ठाण्यातल्या कॉलेजात अनेक वर्षं दिलं. करंट कुठून कुठे वाहतो एवढंच सांगायचं असेल, तर ते चालून जातं. पण त्याच स्फटिकाला चुंबकीय क्षेत्रात ठेवून आडवं व्होल्टेज मोजायला गेलं की हे उदाहरण चक्क उलटं उत्तर देतं. हे माझ्या ध्यानात आणून दिलं प्रॅक्टिकलला आलेल्या एका विद्यार्थिनीने, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी मांडणी बघू. टेबलावर जर्मेनियमची एक पातळ पट्टी आडवी ठेवली आहे आणि आपण तिच्यासमोर उभे आहोत. करंट डावीकडून उजवीकडे जातो. चुंबकीय क्षेत्र टेबलातून सरळ वर, छताकडे. पट्टीच्या दोन लांब कडांपैकी एक आपल्याजवळची, दुसरी पलीकडची. या दोन कडांमध्ये जे आडवं व्होल्टेज उभं राहतं ते हॉल व्होल्टेज. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये सोन्याच्या पातळ वर्खावर ते पहिल्यांदा मोजलं. तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून १८ वर्षं होती.

आता डाव्या हाताचा नियम लावा. क्षेत्र वर, करंट उजवीकडे, म्हणून बल आपल्याकडे. यात प्रभार धन की ऋण हे विचारलेलंच नाही, आणि गंमत तिथेच आहे. धन प्रभार उजवीकडे जात असेल तरी तो आपल्याकडच्या कडेला ढकलला जातो. ऋण प्रभार डावीकडे जात असेल, तर दिशाही उलटी आणि चिन्हही उलटं, म्हणून तोही आपल्याकडच्याच कडेला येतो. साधा अ‍ॅमीटर या दोघांत काहीच फरक करू शकत नाही. जवळच्या कडेला गर्दी कुणाची झाली, हे मात्र मिलिव्होल्टमीटर सांगतो. एन प्रकारात, म्हणजे जिथे करंट मुख्यतः इलेक्ट्रॉन वाहून नेतात, तिथे इलेक्ट्रॉन जमतात आणि ती कड ऋण होते. पी प्रकारात ती धन होते. ही गर्दी कायम वाढत राहत नाही. जमलेल्या प्रभाराचं विद्युतक्षेत्र पुढच्यांना मागे रेटू लागतं, दोन्ही बलं क्षणार्धात तोलली जातात आणि काटा स्थिरावतो.

इथे त्या मुलीने विचारलं, "मॅडम, पण होल म्हणजे रिकामी जागाच ना? पी प्रकारातही खरं तर इलेक्ट्रॉनच डावीकडे सरकतायत. मग तेच जवळच्या कडेला यायला हवेत. दोन्ही स्फटिकांत ती कड ऋणच व्हायला हवी."

तिचं म्हणणं काटेकोरपणे बरोबर होतं. लोकलच्या सीटचं उदाहरण शब्दशः घेतलं तर तसंच व्हायला हवं. रिकाम्या जागेवर चुंबकीय बल कसलं लागणार? बल लागतं ते सरकणाऱ्या माणसांवर. ती जवळच्या कडेला लोटली गेली की रिकामी जागा पलीकडच्या कडेला जमणार. प्रत्यक्षात मीटर दाखवतो त्याच्या नेमकं उलट. म्हणजे हॉल व्होल्टेजचं चिन्ह नुसतं पी आणि एन वेगळे करत नाही. होल ही रिकाम्या सीटपेक्षा निराळी चीज आहे, हेही तेच चिन्ह सांगतं.

चूक कुठे होते? आपण धरून चालतो की स्फटिकातला इलेक्ट्रॉन मोकळ्या कणासारखा वागतो, जिकडे ढकलाल तिकडे वेग घेतो. स्फटिकात इलेक्ट्रॉनच्या ऊर्जांचे पट्टे असतात: खालचा, जवळजवळ भरलेला तो संयुजा पट्टा आणि वरचा, जवळजवळ रिकामा तो वहन पट्टा. वहन पट्ट्याच्या तळाशी असलेले इलेक्ट्रॉन बव्हंशी तसे वागतातही, म्हणून एन प्रकारात काही अडत नाही. पी प्रकारातल्या रिकाम्या जागा मात्र संयुजा पट्ट्याच्या अगदी वरच्या टोकाला असतात. तिथल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी अणूंच्या ओळींमधल्या अंतराशी जुळत आलेली असते. त्याला एका दिशेने ढकललं की अणूंच्या ओळी त्याला त्याहून जास्त जोराने परतवतात. परिणामी बल एकीकडे आणि वेगातला बदल दुसरीकडे. यालाच ऋण परिणामी वस्तुमान म्हणतात. नाव विचित्र वाटतं, पण त्यात गूढ काही नाही. बाहेरचं बल आपण हिशेबात धरलं, स्फटिकाने दिलेला उलटा धक्का धरला नाही, तो या वस्तुमानाच्या चिन्हात येऊन बसला.

आता तोच हिशेब पुन्हा करू. पट्टा पूर्ण भरलेला असेल तर त्याचा एकूण करंट शून्य. त्यातून एक इलेक्ट्रॉन काढला, तर उरलेल्यांचा करंट हा त्या काढलेल्याच्या वेगाने जाणाऱ्या एका धन प्रभाराइतका भरतो. बॅटरीचं क्षेत्र इलेक्ट्रॉनला डावीकडे ढकलतं, पण वरच्या टोकाला वस्तुमान ऋण, म्हणून तिथले इलेक्ट्रॉन वेग घेतात उजवीकडे, आणि रिकामी अवस्थाही त्यांच्याबरोबर उजवीकडेच जाते. लोकलपेक्षा वेगळं घडतं ते इथे. लोकलमध्ये जागा माणसांच्या उलट जाते, पट्ट्यात ती आजूबाजूच्या इलेक्ट्रॉनांसोबत जाते. चुंबकीय क्षेत्र उजवीकडे जाणाऱ्या इलेक्ट्रॉनवर पलीकडे बल लावतं. पुन्हा ऋण वस्तुमान, म्हणून वळण आपल्याकडे. रिकामी अवस्था जवळच्या कडेला येते आणि ती कड धन होते. मीटर बरोबर, मुलीचा तर्कही बरोबर, चुकलं ते आमचं उदाहरण.

हा पेच जुना आहे. जस्त आणि कॅडमियम हे साधे धातू, त्यांत करंट इलेक्ट्रॉनच वाहून नेतात, तरी त्यांचं हॉल व्होल्टेज धन प्रभाराचं चिन्ह दाखवतं. जुन्या इलेक्ट्रॉन सिद्धांताकडे याचं उत्तरच नव्हतं. ते १९२९ मध्ये रुडॉल्फ पायर्ल्स यांनी दिलं, वर सांगितलेल्याच वाटेने.

हे चिन्ह इतकं बोलकं आहे म्हणूनच ते वाचताना घाई करून चालत नाही. त्याच दिवशी त्याच मुलीला एक स्फटिक मिळाला. त्याच्या डबीवरचं लेबल कधीच गळून पडलं होतं. पट्टी ०.५ मिलिमीटर जाड, ४ मिलिमीटर रुंद. करंट ४ मिलिअँपिअर, क्षेत्र १००० गॉस, म्हणजे ०.१ टेस्ला. मीटरची धन वायर जवळच्या कडेला. वाचन आलं +२ मिलिव्होल्ट. तिने जर्नलमध्ये लिहिलं, "पी प्रकार."

मी तिला क्षेत्र उलटं करायला सांगितलं. त्यासाठी विद्युतचुंबकाचा करंट आधी शून्यावर आणायचा, मग वायरी बदलायच्या, मग गॉसमीटर बघून पुन्हा तेवढंच क्षेत्र चढवायचं. हॉल व्होल्टेज असतं तर −२ यायला हवं होतं. आलं +१४.

अशा वेळी मीटर खराब आहे असं वाटतं, पण तसं नव्हतं. मीटर दोन निरनिराळ्या गोष्टींची बेरीज दाखवत होता. आडव्या व्होल्टेजचे दोन प्रोब एकमेकांसमोर तंतोतंत बसलेले नसतात, एक जरा पुढे, एक जरा मागे. पट्टीच्या लांबीवर व्होल्टेजचा उतार असतोच. या स्फटिकात तो दर मिलिमीटरला सुमारे ३८ मिलिव्होल्ट भरला. म्हणजे प्रोब अवघे ०.२ मिलिमीटर सरकलेले असले तरी ८ मिलिव्होल्ट फुकट मिळतात. त्यांचा चुंबकाशी काही संबंध नाही. क्षेत्र उलटं केलं तरी ते तसेच राहतात, हॉल व्होल्टेज मात्र चिन्ह बदलतं. म्हणून दोन वाचनांच्या बेरजेचा अर्धा भाग सरकलेल्या प्रोबचा आणि वजाबाकीचा अर्धा हॉलचा:

```
(2 + 14) / 2 = +8 mV
(2 - 14) / 2 = -6 mV
```

जवळची कड उणे सहा. स्फटिक एन प्रकारचा. पहिल्या वाचनातला अधिक हा सर्वस्वी प्रोबचा होता, प्रभाराचा नव्हे. क्षेत्र शून्य असताना बघितलं तेव्हा मीटर +८ च्या आसपासच होता. अनेक जण तेवढं वजा करून मोकळे होतात. मला ते पुरेसं वाटत नाही. विद्युतचुंबकाचा करंट बंद केला तरी लोखंडात थोडं क्षेत्र उरतं, शिवाय क्षेत्रात पट्टीचा रोधच जरा वाढतो, म्हणजे तो ८ देखील हलतो. क्षेत्र उलटवणं जास्त भरवशाचं.

पुढचं गणित सोपं होतं. V_H = I B / (n e t) या सूत्रात V_H हे हॉल व्होल्टेज, I करंट, B क्षेत्र, e इलेक्ट्रॉनचा प्रभार, t पट्टीची जाडी आणि n दर घनमापातले इलेक्ट्रॉन. आकडे घातले की दर घन सेंटिमीटरला सुमारे ८.३ × १०^१४ इलेक्ट्रॉन येतात. म्हणजे जर्मेनियमच्या साधारण पाच कोटी अणूंमागे एक. मुलीने "पी" खोडून "एन" लिहिलं आणि दोन्ही वाचनं शेजारी ठेवली. डबीवर नवीन लेबलही तिनेच चिकटवलं.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गटाने पी प्रकारचा स्फटिक छोट्या हीटरवर तापवत नेला. आधी हॉल व्होल्टेज कमी होत गेलं, मग शून्य झालं आणि त्यापुढे ऋण. "स्फटिक एन झाला," असं त्यांनी ठरवलं. तसं झालं नव्हतं. उष्णतेने इलेक्ट्रॉन आणि होल जोडीजोडीने सुटतात, आणि जर्मेनियममध्ये इलेक्ट्रॉन होलच्या जवळजवळ दुप्पट चपळ असतो. हॉलच्या हिशेबात चपळाईचा वर्ग येतो, म्हणून एक इलेक्ट्रॉन साधारण चार होलना भारी पडतो. होल संख्येने इलेक्ट्रॉनांच्या तिप्पट असतानाही चिन्ह ऋण दिसू शकतं. हीटर बंद करून त्यांना थांबायला सांगितलं. पट्टी निवत गेली तसा आकडा शून्यापर्यंत चढला, आणि प्रॅक्टिकल संपायच्या आत पुन्हा धन झाला.