कलम ३० की कलम ३५०-अ? मराठी शाळेवरचा उतारा सोडवताना

नागरिकशास्त्राच्या सरावपत्रिकेत उतारा आला आणि त्यात ‘मराठी शाळा’ हे शब्द दिसले, की आपल्याकडची बरीच मुलं पुढचं न वाचताच ‘कलम ३०’ लिहून मोकळी होतात. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात हा विषय घरोघरी बोलला जातो, त्यामुळे शाळेवर आपला हक्क आहे हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. तो हक्क कोणत्या कलमातून येतो, हे मात्र चुकतं. मला ही चूक सलते, कारण वहीतली चूक पुढे पालकांच्या निवेदनात उतरते. सरकारी शाळेत मराठी शिक्षक मागताना आधार कलम ३० चा दिला, तर ‘हे कलम इथे लागू नाही’ एवढ्या एका ओळीत अर्ज निकाली निघू शकतो.

दोन्ही कलमं भाषिक अल्पसंख्याकांच्या शिक्षणाविषयी आहेत, म्हणून घोटाळा होतो. पण त्यांचं काम वेगळं आहे. कलम ३० मूलभूत हक्कांत येतं. धर्म किंवा भाषा या आधारावरच्या सर्व अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क ते देतं. इथे शाळा काढणारे आपण, आणि सरकारने आपल्या वाटेत येऊ नये ही अपेक्षा. कलम ३५०-अ मूळ राज्यघटनेत नव्हतं. भाषावार राज्यं झाली तेव्हा, १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ते भाग सतरामध्ये घातलं गेलं. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय करून देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने आणि प्रत्येक स्थानिक संस्थेने करावा, असं ते सांगतं. इथे शाळा सरकारची, शिक्षकही सरकारचा, आणि मागणी आपली.

म्हणून उतारा वाचताना आधी एवढंच शोधा: शाळा कोण चालवतं, आणि कोण कोणाकडे काय मागतं? त्यानंतर कलम आठवा.

आता उतारा. प्रसंग कल्पित आहे, पण त्यातली एकही गोष्ट आपल्याला अनोळखी वाटणार नाही.

“खानापूर तालुक्यातल्या एका गावात बहुतेक घरं मराठी बोलतात. गावात सरकारी कन्नड प्राथमिक शाळा आहे. पहिली ते पाचवी मिळून तिच्यात मराठी घरांतली ३४ मुलं आहेत, त्यांपैकी १२ दुसरीत. पालकांनी तालुक्याच्या बीईओ ऑफिसात अर्ज दिला की आमच्या मुलांना मराठीतून शिकवणारा शिक्षक द्या. अर्ज पडून राहिला, तेव्हा गावातल्या एका मंडळाने स्वतःची मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा काढली. तिला मान्यता देताना अधिकाऱ्यांनी सांगितलं की कन्नड हा विषय शिकवावाच लागेल, शिक्षक ठरलेल्या शैक्षणिक पात्रतेचेच हवेत आणि अनुदान मिळणार नाही. गावातल्या एका वडिलांना मात्र आपला मुलगा कन्नड माध्यमातच ठेवायचा आहे.”

प्रश्न १. पालकांच्या अर्जाला कोणत्या कलमाचा आधार आहे? ३४ मुलांच्या संख्येवर त्यांची मागणी टिकते का?

शाळा सरकारी आहे आणि पालक सोय मागताहेत, तेव्हा आधार ३५०-अ. इथे कलम ३० लिहिलं तर उत्तर चूक, कारण पालकांनी अजून कोणतीही संस्था काढलेली नाही.

प्रश्नाच्या दुसऱ्या भागात मुलं अडतात, कारण ‘पुरेशी सोय’ म्हणजे किती मुलांसाठी, हे कलमात लिहिलेलंच नाही. त्यासाठी १९४९ साली प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलेला निकष वापरतात. संपूर्ण शाळेत त्या भाषेची किमान ४० मुलं असावीत, किंवा एका वर्गात किमान १०. या दोन्हींपैकी एक अट पुरी झाली की निदान एक शिक्षक नेमून त्या भाषेतून शिकवण्याची सोय करावी, असा तो निकष आहे. आता आपला आकडा पाहा. शाळेत ३४ मुलं, म्हणजे पहिली अट पुरी होत नाही. अनेक मुलं इथेच थांबतात आणि ‘मागणी टिकत नाही’ असं लिहितात. पण दुसरीत १२ मुलं आहेत, आणि दुसरी अट वर्गाची आहे. त्यामुळे दुसरीच्या वर्गापुरती मागणी उभी राहते. अर्ज लिहिणाऱ्या पालकांनी ‘गावात खूप मराठी मुलं आहेत’ असं मोघम न लिहिता हजेरीपटावरून इयत्तावार आकडे द्यावेत ते यासाठीच. पुढच्या वर्षी मुलं येणार असतील, तर शाळा सुरू व्हायच्या आधीच त्यांच्या मातृभाषेसह नावनोंदणी व्हावी, अशीही तरतूद भाषिक अल्पसंख्याकांसाठी ठरलेल्या संरक्षणांत सुचवलेली आहे. बऱ्याच ठिकाणी आकडा कमी पडतो तो मुलं नसल्याने नाही, नोंद नसल्याने.

एक मर्यादा उत्तरात यायलाच हवी. ४० आणि १० हा प्रशासनाने मान्य केलेला निकष आहे, घटनेतला मजकूर नाही. शिवाय ३५०-अ ची भाषा ‘प्रयत्न करील’ अशी आहे. त्यामुळे मूलभूत हक्काइतका थेट जोर तिला नाही. याच कलमात राष्ट्रपतींना राज्याला निर्देश देण्याचा अधिकार आहे, हेही लिहा. ते सहसा कोणी लिहीत नाही.

प्रश्न २. गावात तर मराठी लोकच जास्त आहेत. मग मंडळाच्या शाळेला ‘अल्पसंख्याकांची शाळा’ कसं म्हणायचं?

हा सापळ्याचा प्रश्न. गाव, तालुका किंवा जिल्ह्यातली संख्या इथे मोजायची नाही. टी. एम. ए. पै फाउंडेशन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांच्या पीठाने २००२ साली सांगितलं की भाषिक आणि धार्मिक अल्पसंख्याक ठरवताना एकक राज्य हेच धरायचं. कर्नाटक राज्यात मराठी बोलणारे अल्पसंख्य आहेत, म्हणून गावात बहुसंख्य असले तरी ते कलम ३० खाली येतात. शाळा मंडळाने काढली, तेव्हा गोष्ट ३५०-अ वरून कलम ३० कडे सरकली, हेही उत्तरात दाखवा.

प्रश्न ३. अधिकाऱ्यांच्या तीन अटींपैकी कोणती घटनेला धरून आहे आणि कोणती नाही?

मला या पत्रिकेतला सगळ्यात चांगला प्रश्न हाच वाटतो, कारण कलम ३० म्हणजे ‘कोणीही काहीही विचारायचं नाही’ असा समज इथे गळून पडतो.

कन्नड विषयाची अट टिकते. कर्नाटकात २०१५ च्या कायद्याने शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवणं बंधनकारक झालं आहे. माध्यम मराठी ठेवून कन्नड एक विषय म्हणून शिकवला, तर शाळेचं मराठीपण जात नाही. माध्यम आणि विषय यांची गल्लत करू नका, परीक्षकही नेमकं हेच बघतो. शिक्षकांच्या पात्रतेची अटही टिकते, कारण शिक्षणाचा दर्जा राखण्यासाठी सरकार नियम करू शकतं. मात्र पात्र उमेदवारांतून कोणाला नेमायचं, ही निवड संस्थेची. ‘अमुकच माणूस घ्या’ असा हुकूम आला असता, तर तो चालवण्याच्या हक्कावर घाला ठरला असता.

अनुदानाच्या अटीचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. कलम ३० मुळे अनुदान मिळण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. पण सरकार अनुदान देत असेल, तर संस्था अल्पसंख्याकांच्या हाती आहे एवढ्या कारणावरून तिला डावलता येत नाही, हे कलम ३०(२) सांगतं. म्हणून आधी विचारा: त्या वर्षी इतर नव्या शाळांना अनुदान मिळालं का? कोणालाच मिळालं नसेल तर भेदभाव नाही. शेजारच्या गावातल्या तशाच नव्या शाळेला मिळालं आणि हिला फक्त मराठी मंडळाची म्हणून नाकारलं, तर ३०(२) चा भंग. उताऱ्यात ही माहिती दिलेली नाही, म्हणून उत्तरही ‘जर असं असेल तर’ याच रीतीने लिहा. त्याने गुण कमी होत नाहीत, उलट विचार दिसतो.

प्रश्न ४. मराठी शिक्षक नेमला गेला, तर त्या वडिलांना मुलगा मराठी वर्गात घालावाच लागेल का?

नाही. ३५०-अ सोय करायला सांगतं, सक्ती करायला नाही. इथे कर्नाटकाचाच निकाल आहे. प्राथमिक वर्गांत मातृभाषा किंवा कन्नड माध्यमाच्या सक्तीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २०१४ साली सांगितलं की मुलाची मातृभाषा कोणती हे पालकांनी ठरवायचं, आणि ३५०-अ च्या आधारे सरकार मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती करू शकत नाही. हा निकाल आपल्याला दोन्ही बाजूंनी लागू आहे. मराठी पालकाने कन्नड किंवा इंग्रजी माध्यम निवडलं, तरी त्याला अडवता येत नाही.

प्रश्न ५. दाद कोणाकडे मागायची?

मंडळाचा कलम ३० चा हक्क डावलला गेला, तर कलम ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात किंवा कलम २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येतं. बेळगाव जिल्ह्यासाठी ते म्हणजे कर्नाटक उच्च न्यायालयाचं धारवाड खंडपीठ. पालकांच्या ३५०-अ च्या तक्रारीला आणखी एक वाट आहे. कलम ३५०-ब खाली नेमलेले भाषिक अल्पसंख्याक आयुक्त अशा तक्रारी तपासतात आणि राष्ट्रपतींना अहवाल देतात. तो अहवाल संसदेपुढे ठेवला जातो. आयुक्त आदेश काढून शिक्षक नेमू शकत नाहीत. ते राज्याला विचारतात आणि नोंद करतात. ‘आयुक्त शिक्षक नेमतील’ असं लिहू नका.

प्रश्न ६. हाच उतारा सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात ठेवा, आणि मराठीच्या जागी कन्नड वाचा. काय बदलेल?

कलमं एकही बदलत नाही. राज्य बदललं म्हणून अल्पसंख्य कोण हे बदलतं. तिथे कन्नड मुलांसाठी महाराष्ट्र सरकारने ३५०-अ प्रमाणे सोय करायची, आणि कन्नड मंडळाच्या शाळेला कलम ३० चं संरक्षण. अनिवार्य विषय मराठी होतो. मुंबईतल्या गुजराती भाषिकांनी महाराष्ट्राच्या अशाच सक्तीला आव्हान दिलं होतं, तेव्हा २००४ साली उषा मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती सक्ती वैध ठरवली. खानापूरच्या उताऱ्यात कन्नड विषयाची अट अन्यायाची आहे असं ज्यांनी लिहिलं असेल, त्यांनी या निकालासमोर आपलं प्रश्न ३ चं उत्तर ठेवून पुन्हा तपासावं.