पोषणवर्धित दूध (वृद्धांच्या आहारातील)

पोषणवर्धित दूध : वजन घटलेल्या आणि भूक मंदावलेल्या वृद्ध व्यक्तीसाठी नेहमीच्याच दुधात दूध पावडर आणि सुक्या मेव्याची पूड मिसळून केलेले पेय. खाणे वाढवता येत नसेल, तर जे पोटात जाते त्यातील सत्त्व वाढवावे, हा यामागील विचार. त्यामुळे पेला मोठा करायचा नाही, ही या पद्धतीची पहिली अट आहे. चार घास खाऊन पोट भरल्यासारखे वाटणाऱ्या माणसापुढे मोठा पेला ठेवला, तर तो एक तर अर्धा टाकतो किंवा तो संपवून जेवणाला नकार देतो.

दीडशे मिलिलिटर सायीसकट दुधात सुमारे १०० कॅलरी आणि ५ ग्रॅम प्रथिने असतात. त्यात १५ ग्रॅम सायविरहित दूध पावडर घातली, तर जवळपास ५० कॅलरी आणि ५ ग्रॅम प्रथिने वाढतात. बदामाची ८ ग्रॅम पूड आणखी सुमारे ४५ कॅलरी आणि दीड ग्रॅमपेक्षा थोडी अधिक प्रथिने देते. म्हणजे कप तोच, पण कॅलरी दुप्पट आणि प्रथिने दुपटीहून अधिक. दोन्ही जिनसांची कामे वेगळी आहेत. पावडर मुख्यतः प्रथिने पुरवते, तर सुक्या मेव्यातील निम्मा भाग स्निग्ध असल्याने थोड्याशा पुडीतून पुष्कळ ऊर्जा मिळते. बदामाऐवजी काजू, अक्रोड किंवा शेंगदाणेही चालतात. काजू दुधात सर्वांत मऊ मिसळतो. शेंगदाण्यात प्रथिने अधिक असतात, पण त्याची चव दुधावर चढते. सायीसकट दुधाची पावडर घेतल्यास कॅलरी वाढतात आणि प्रथिने कमी होतात. चहात घालण्यासाठी मिळणाऱ्या पांढऱ्या पावडरीत अनेकदा साखर किंवा वनस्पती तेल असते. तिच्यातून अपेक्षित प्रथिने मिळत नाहीत, म्हणून पाकिटावरील घटक वाचणे आवश्यक आहे.

कृती सोपी असली तरी ती बिघडण्याची जागा ठरलेली आहे. पावडर थेट गरम दुधात टाकली की तिच्या गुठळ्या होतात. बाहेरचा थर लगेच फुगून चिकट होतो आणि आतली पावडर कोरडीच राहते. म्हणून आधी दोन-तीन चमचे कोमट दुधात ती पातळ पेस्टसारखी घोटावी आणि मग उरलेले दूध हळूहळू ओतावे. मेवा पूर्ण कोरडा असताना, थांबून थांबून दळावा. सलग दळल्यास भांडे तापते, मेव्याला तेल सुटते आणि पुडीचा गोळा होतो. पूड बारीक चाळणीतून गाळून घ्यावी. तरीही ती तळाशी बसते, आणि नेमका तोच गाळ पेल्यात उरला तर अर्धी मेहनत वाया जाते. पिण्याआधी ढवळावे, किंवा बदाम रात्रभर भिजवून, सोलून, दुधातच वाटावेत. त्याने गाळ बराच कमी होतो. दळलेल्या मेव्याला लवकर खवट वास येतो, म्हणून तीन-चार दिवसांपुरतीच पूड करून फ्रीजमध्ये ठेवावी. तयार दूध खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि फ्रीजमधले त्याच दिवशी संपवावे. चमच्याचे आकार वेगवेगळे असतात, त्यामुळे पावडर एकदा वजनकाट्यावर मोजून त्या चमच्याचे माप ठरवून टाकणे बरे. ‘अजून थोडी घालूया’ म्हणत पावडर वाढवत गेल्यास दूध दाट आणि खडूसारखे लागते, आणि एकदा नाक मुरडले की तो पेला पुन्हा स्वीकारला जाणे कठीण होते.

हिशेब एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, ७८ वर्षांच्या आजी आहेत, उंची १५० सेंटिमीटर, वजन ४१ किलो. त्यांचा शरीरवस्तुमान निर्देशांक सुमारे १८ येतो. अशा व्यक्तीसाठी साधारणपणे दर किलो वजनामागे ३० कॅलरी आणि १.२ ग्रॅम प्रथिने, म्हणजे दिवसाला सुमारे १२३० कॅलरी व ४९ ग्रॅम प्रथिने असे लक्ष्य धरतात. प्रत्यक्षात त्या ९०० कॅलरी आणि २८ ग्रॅम प्रथिनांपर्यंतच पोहोचतात, आणि त्यातच दिवसाचे दोन कप साधे दूध आले. ते दोन्ही कप वरील प्रमाणात सुधारले, तर सुमारे २०० कॅलरी आणि १४ ग्रॅम प्रथिने वाढतात. बेरीज ११०० कॅलरी आणि ४२ ग्रॅम होते. तूट पुरती भरत नाही, हे घरच्यांनी आधीच समजून घ्यायला हवे. एक किलो वजन वाढायला साधारण ७००० कॅलरी शिल्लक पडाव्या लागतात. रोजच्या २०० कॅलरी सगळ्या शिल्लक पडल्या, तरी त्याला महिन्याहून अधिक काळ लागेल. पहिल्या काही आठवड्यांत वजनाची घसरण थांबली, तर तेही यश मानावे. उरलेली तूट जेवणातल्या स्निग्ध पदार्थांनी आणि मधल्या खाण्याने भरायची असते.

वेळ चुकली तर हा हिशेब कोसळतो. जेवणाच्या तासभर आधी दिलेले दूध जेवणाची जागा घेते. घरच्यांना ‘आज दूध छान प्यायल्या’ याचे समाधान असते आणि ताट मात्र अर्धे परत गेलेले असते. म्हणून दूध जेवणानंतर, दोन जेवणांच्या मधोमध किंवा झोपण्याआधी द्यावे, आणि पहिला आठवडाभर ताटात काय उरले तेही लिहून ठेवावे. वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी त्याच वेळी घ्यावे. दोन-तीन दिवसांत एक-दोन किलो वाढले, तर ते मांस नसून साठलेले पाणी असण्याची शक्यता मोठी. पाय सुजले असतील किंवा धाप लागत असेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे.

पोटात गुडगुड, फुगारा किंवा पातळ शौच सुरू झाल्यास बहुधा दुग्धशर्करा जास्त झालेली असते. वरील एका कपात ती सुमारे १५ ग्रॅम होते, आणि ती पचवण्याची शक्ती कमी असलेल्या बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंतच सोसते. पावडर निम्मी करून तोच कप दोनदा विभागून द्यावा. गिळताना ठसका लागत असेल, पिताना आवाज घोगरा होत असेल, तर मेव्याची पूड थांबवावी. तिचे कण श्वासनलिकेत जाऊ शकतात, आणि आधी गिळण्याची तपासणी व्हायला हवी. मेव्याची अ‍ॅलर्जी असल्यास तो वर्ज्यच. मूत्रपिंडाच्या आजारात दूध पावडरीतील पोटॅशियम व फॉस्फरस अडचणीचे ठरतात. थायरॉईडची गोळी, लोहाच्या गोळ्या आणि काही प्रतिजैविके दुधातील कॅल्शियममुळे नीट शोषली जात नाहीत, म्हणून त्यांत काही तासांचे अंतर लागते. मधुमेहात वरून साखर घालू नये.

पाच-सहा दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेल्या व्यक्तीला मात्र घरी एकदम हे दूध सुरू करू नये. उपाशी शरीराला अचानक अन्न मिळाले की रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. तिथे आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली, अगदी थोड्या प्रमाणातून वाढवतात. भूक का गेली, हेही त्याच भेटीत विचारून घ्यावे. ढिली कवळी, बद्धकोष्ठ, उदासपणा किंवा चालू असलेले एखादे औषध हे कारण असेल, तर ते दूर झाल्यावर पेल्याची गरजच बरीच कमी होते.