पडद्यावरचा वेग आणि चेंडूचा वेग

२६ जून २०२२ रोजी आयर्लंडमधील मालाहाइड येथे भारताच्या टी-ट्वेंटी सामन्यात भुवनेश्वर कुमारच्या पहिल्याच षटकात पडद्यावर ताशी २०१ किलोमीटर असा वेग झळकला. डिसेंबर २०२४ मध्ये ॲडलेडच्या कसोटीत मोहम्मद सिराजच्या एका चेंडूखाली १८१.६ हा आकडा आला. आंतरराष्ट्रीय सामन्यात नोंदला गेलेला सर्वाधिक वेग शोएब अख्तरचा, २००३ च्या विश्वचषकातला, ताशी १६१.३ किलोमीटर आहे. त्यामुळे हे दोन्ही आकडे उपकरणाची चूक आहेत हे जाणकारांनी लगेच ओळखले. परंतु तेवढ्या क्षणाच्या चित्रफिती मात्र 'जगातला सर्वांत वेगवान चेंडू' अशा मथळ्यांसह आजही फिरत असतात.

ठळक क्षणांच्या चित्रफितीत पडद्यावर येणारे आकडे दोन जातींचे असतात, आणि आपण दोन्हींवर सारखाच विश्वास ठेवतो. ८ डिसेंबर २०११ रोजी आमच्या इंदूरच्या होळकर स्टेडियमवर वीरेंद्र सेहवागने वेस्ट इंडिजविरुद्ध १४९ चेंडूंत २१९ धावा केल्या. हा आकडा मोजणीचा आहे, त्यात कमी-अधिक काही नाही. चेंडूचा वेग मात्र अनुमानाचा आकडा आहे. तो कोणत्या उपकरणाने, कोठून आणि चेंडूच्या प्रवासातील कोणत्या क्षणी घेतला, यावर तो अवलंबून असतो.

सर्वांत परिचित उपकरण म्हणजे रडार. ते चेंडूच्या दिशेने सूक्ष्मलहरी सोडते आणि चेंडूवरून परावर्तित होऊन आलेल्या लहरींची वारंवारता मूळ लहरींशी ताडून पाहते. जवळ येणाऱ्या इंजिनाची शिटी चढ्या स्वरात ऐकू येते, तसाच हा डॉप्लर परिणाम आहे. फरक इतकाच की येथे चेंडू प्रथम लहरी 'झेलतो' आणि मग त्या परत 'टाकतो', म्हणून परिणाम दुप्पट होतो. वारंवारतेतील फरक असा मिळतो:

Δf = 2·v·f / c

येथे v हा चेंडूचा वेग, f ही रडारची वारंवारता आणि c हा प्रकाशाचा वेग आहे. २४ गिगाहर्ट्झच्या रडारसमोर सेकंदाला ४० मीटर, म्हणजे ताशी १४४ किलोमीटर वेगाने चेंडू आला, तर हा फरक ६,४०० हर्ट्झ भरतो. मला या गणिताचे फार अप्रूप वाटते, कारण मूळ लहर सेकंदाला २,४०० कोटी वेळा स्पंदन पावते, आणि तिच्यातील फरक मात्र माणसाच्या कानाला ऐकू येईल अशा स्वराएवढा असतो. ध्वनिवर्धकावर सोडला, तर वेगवान गोलंदाज म्हणजे एक तीक्ष्ण शिटीच होईल, आणि फिरकी गोलंदाजाची शिटी साधारण निम्म्या वारंवारतेची असेल.

रडारला फक्त आपल्या दिशेने येणारा किंवा आपल्यापासून दूर जाणारा वेग कळतो, आडवा वेग कळत नाही. रडार आणि चेंडूचा मार्ग यांत कोन असेल, तर खरा वेग त्या कोनाच्या कोज्येने गुणला जातो. कोन १० अंशांचा असेल तर १४४ ऐवजी सुमारे १४२ दिसेल, ३० अंशांचा असेल तर सुमारे १२५. म्हणूनच रडार साइटस्क्रीनच्या बाजूला, खेळपट्टीच्या सरळ रेषेत ठेवतात. यातून एक उपयुक्त निष्कर्ष निघतो. कोनामुळे होणारी चूक आकडा नेहमी कमीच करते. आकडा फुगलेला दिसला, तर रडारने चेंडूऐवजी फिरणारी बॅट किंवा दुसरे काही टिपले असावे, अथवा संकेताच्या गोंगाटातून भलतीच वारंवारता निवडली असावी.

चेंडू हातातून सुटतानाचा वेग पडद्यावर येतो, फलंदाजापर्यंत पोहोचतानाचा नव्हे. हवेच्या विरोधामुळे टप्प्यापर्यंतच साधारण दहा टक्के वेग जातो आणि टप्प्यावरील घर्षणात आणखी बराच जातो. हे माहीत असले की समालोचनातील काही वाक्ये खटकू लागतात. आमच्या भागातील मुलांनी आपल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याची चित्रफीत केली, आणि तिच्या संहितेतील हा तुकडा त्यांनी मला तपासायला दिला होता:

चित्र: नववे षटक, तिसरा चेंडू. ऑफ स्टंप उखडला जातो.
समालोचन: "काय हा वेग! टप्पा पडताच चेंडूने आणखी वेग घेतला आणि फलंदाज बघतच राहिला!"
पट्टी: चेंडूचा वेग १५२ कि.मी. प्रतितास

टप्प्यावर चेंडूचा वेग वाढायचा असेल, तर त्याच्या पृष्ठभागाचा फिरण्याचा वेग पुढे जाण्याच्या वेगापेक्षा अधिक असायला हवा. तरच घर्षण त्याला पुढे ढकलेल. सेकंदाला ४० फेऱ्या घेणाऱ्या चेंडूचा पृष्ठभाग ताशी जेमतेम ३३ किलोमीटर वेगाने फिरतो, आणि फिरकी गोलंदाजाचा चेंडूही ताशी ८० च्या आसपास असतो. म्हणजे टॉपस्पिननेसुद्धा वेग वाढत नाही, फक्त कमी घटतो. चेंडू अपेक्षेपेक्षा खाली राहिला की फलंदाजाला वेळ अपुरा पडतो, आणि तोच 'वाढलेला वेग' म्हणून सांगितला जातो. (जर्सीचा आकडा अंकशास्त्राने बदलून वेग वाढतो असे मानणारे गोलंदाजही मी पाहिले आहेत, त्यांच्यापुढे समालोचकाची चूक फारच सोज्वळ वाटते.)

राहिला १५२ चा आकडा. मुलांनी तो मोबाइलवरील एका ॲपने काढला होता, ज्यात चेंडू सुटताना आणि पोहोचताना पडद्यावर बोट टेकवायचे असते. ॲपने अंतर २०.१२ मीटर, म्हणजे दोन्ही टोकांच्या स्टंपांमधील पूर्ण अंतर धरले होते, आणि बोटांमधला वेळ ०.४७६ सेकंद होता. वास्तविक चेंडू पॉपिंग क्रीजच्या आसपास सुटतो, आणि ती स्टंपांच्या १.२२ मीटर पुढे असते. म्हणून प्रवास सुमारे १८.९ मीटरच होतो.

वेळ मोजायला चित्रफीतच पुरेशी होती. ती सेकंदाला ३० फ्रेमची होती. एकेक फ्रेम पुढे सरकवून पाहिले, तर चेंडू सुटल्यापासून स्टंपला लागेपर्यंत १८ फ्रेम गेल्या, म्हणजे ०.६ सेकंद. बोटांचा हिशेब चुकला तो येथे: सुटलेला चेंडू दिसल्यावर मेंदू-बोटाला प्रतिक्रियेस वेळ लागतो, तर स्टंपला लागण्याचा क्षण आधीच ओळखता येत असल्याने बोट वेळेवर पडते. हे एवढे अंतर आकडा फुगवायला पुरे होते.

१८.९ मीटरला ०.६ सेकंदाने भागले, तर सरासरी वेग सेकंदाला ३१.५ मीटर, म्हणजे ताशी ११३ किलोमीटर येतो. हवा आणि टप्पा यांनी खाल्लेला वेग लक्षात घेता सरासरी ही सुरुवातीच्या वेगाच्या साधारण ८८ टक्के असते. त्या हिशेबाने सुटतानाचा वेग १२९ च्या जवळ निघतो. एक फ्रेम इकडे-तिकडे झाली तरी तो १२२ ते १३६ यांच्यामध्येच राहतो. १५२ वेगाचा चेंडू साधारण १५ फ्रेममध्येच पोहोचला असता, म्हणजे फरक मोजणीच्या चुकीपेक्षा बराच मोठा आहे. सेकंदाला ६० फ्रेमने चित्रण केले असते, तर हीच अनिश्चितता निम्मी झाली असती.

मुलांनी पट्टी बदलून 'सुटताना सुमारे १३० कि.मी.' अशी केली, आणि समालोचन असे झाले: "टप्प्यावर चेंडू खाली राहिला, बॅट यायच्या आत ऑफ स्टंप गेला!" एक जण मात्र १५२ काढून टाकल्याबद्दल शेवटपर्यंत नाराज होता.