बी ट्वेल्व्ह : गोळी, जिभेखालची गोळी की इंजेक्शन (शाकाहारी आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्यांसाठी)

बी ट्वेल्व्ह कमी आलं की पहिला प्रश्न हाच येतो की गोळी घ्यायची, जिभेखाली ठेवायची की इंजेक्शन टोचून घ्यायचं, आणि बहुतेक वेळा उत्तर दिलं जातं ते रिपोर्टमधला आकडा बघून. आकडा 150 आला तर इंजेक्शन, 250 आला तर गोळी, असं. पण खरं बघायचं असतं ते वेगळंच. बी ट्वेल्व्ह तोंडातून रक्तापर्यंत जाताना वाट नेमकी कुठे अडली आहे आणि मज्जातंतूंना त्रास सुरू झालाय का, या दोन गोष्टी कळल्या की निवड बरीचशी आपोआप होते.

आधी ही वाट बघू. अन्नातलं बी ट्वेल्व्ह प्रथिनांना चिकटलेलं असतं, पोटातलं आम्ल ते सोडवतं, मग जठराच्याच पेशींतून निघणारा इंट्रिन्सिक फॅक्टर नावाचा एक प्रथिन रेणू त्याला लहान आतड्यात धरतो आणि आतड्याच्या अगदी शेवटच्या भागापर्यंत पोचवतो. तिथे एक ठराविक दार आहे, त्यातून ते आत घेतलं जातं. हे दार एका वेळी साधारण दीड ते दोन मायक्रोग्रॅमच आत घेतं, मग तुम्ही 5 मायक्रोग्रॅमची गोळी घ्या की 1000 ची. रोजची गरज असते साधारण 2.4 मायक्रोग्रॅम, त्यामुळे रोजच्या जेवणातून थोडं थोडं मिळत असेल तर एवढं दार पुरतं.

पण याशिवाय एक दुसरी वाट आहे आणि गोळीचं सगळं गणित तिच्यावर उभं आहे. मोठा डोस घेतला की त्यातला साधारण एक टक्का कुठल्याही दाराशिवाय, नुसता झिरपून आत जातो. 1000 मायक्रोग्रॅमच्या गोळीतून असे साधारण 10 मायक्रोग्रॅम मिळतात, म्हणजे दिवसाच्या गरजेच्या चौपट. एक टक्का ऐकायला फार कमी वाटतं आणि त्यामुळेच लोकांना वाटतं की गोळी वाया जाते, इंजेक्शनच खरं. गोळीतलं बरंचसं वाया जातं हे खरंच आहे, पण उरतं तेवढं पुरून उरतं.

आता शाकाहारी माणूस. त्याची वाट बहुतेक वेळा पूर्ण शाबूत असते, फक्त तिच्यावरून येणारा मालच कमी असतो. वनस्पती बी ट्वेल्व्ह बनवत नाहीत, ते बनवतात सूक्ष्मजीव, आणि ते प्राण्यांमार्फत आपल्यापर्यंत येतं. दूध आणि अंड्यात ते असतं पण प्रमाण बेताचं, आणि दूधही न घेणाऱ्यांना तर बाहेरून घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. स्पिरुलिनासारख्या शेवाळांत बी ट्वेल्व्ह भरपूर आहे असं सांगतात, पण त्यातलं बहुतेक हे सारखं दिसणारं आणि माणसाला न चालणारं रूप असतं, त्यामुळे त्याच्यावर विसंबू नका. यकृतात दोनतीन मिलिग्रॅमचा साठा असतो आणि तो काही वर्षं पुरतो, म्हणून आहार बदलल्यावर लगेच काही जाणवत नाही आणि त्रास सुरू होतो तेव्हा आहाराचा संबंध कोणाच्या लक्षातही येत नाही. अशा माणसाची कमतरता भरून निघाली असेल तर पुढे साधी गोळी पुरते. रोज घ्यायची तर 10 ते 50 मायक्रोग्रॅमही चालते कारण दार उघडं आहे, आणि रोजची आठवण राहत नसेल तर आठवड्यातून एकदा 2000 ची. हिशोब करून बघा, 2000 चा एक टक्का 20, त्यात दारातून आलेले दीडदोन, म्हणजे सात दिवसांत भागले तरी रोजचे तीन पडतात. हाच हिशोब आठवड्याला एकदा 500 ची गोळी घेणाऱ्याला लावला तर दिवसाला जेमतेम एक मायक्रोग्रॅम पडतो, आणि "मी तर गोळी घेतोय" म्हणणाऱ्यांचं बी ट्वेल्व्ह कमी येण्याचं एक साधं कारण हे असतं.

मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी. इथे अन्नातून माल येतो, आम्लही असतं, इंट्रिन्सिक फॅक्टरही असतो, पण शेवटचं दार नीट उघडत नाही. त्या दाराला काम करायला कॅल्शियम लागतं आणि मेटफॉर्मिन त्यातच अडथळा आणतं असं मानलं जातं. डोस जितका जास्त आणि वर्षं जितकी जास्त तितकी कमतरतेची शक्यता वाढते. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने 2022 साली हा मेटफॉर्मिनचा सर्रास दिसणारा दुष्परिणाम म्हणून नोंदवला, म्हणजे दहातल्या एकापर्यंत लोकांना होऊ शकतो असा. पण झिरपण्याची वाट मेटफॉर्मिन बंद करत नाही, म्हणून मोठ्या डोसची गोळी इथेही काम करते. फक्त 10 मायक्रोग्रॅमवाली छोटी गोळी इथे भरवशाची नाही कारण ती सगळी त्या दारावर अवलंबून असते, रोज 1000 ची घेतलेली बरी. आणि कृपा करून मेटफॉर्मिन मनाने बंद करू नका, साखर बिघडेल आणि रिकामा झालेला साठाही त्याने भरणार नाही.

ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचा प्रश्न वाटेच्या सुरुवातीला असतो, अन्नातून बी ट्वेल्व्ह सुटतच नाही. गोळीतलं बी ट्वेल्व्ह मुळात सुटंच असल्याने त्यांना गोळी चालते. शाकाहार, मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची गोळी हे तिन्ही एकाच माणसाकडे सापडणं अजिबात दुर्मिळ नाही.

जिभेखालच्या गोळीबद्दल लोकांची फार ठाम मतं असतात. कल्पना अशी की पोट टाळून औषध थेट रक्तात जाईल, हृदयाच्या गोळीसारखं. पण बी ट्वेल्व्हचा रेणू चांगलाच मोठा आहे, तोंडाच्या त्वचेतून तो सहजासहजी जात नाही, आणि गोळी विरघळून लाळेबरोबर गिळलीच जाते. 2003 साली छापून आलेल्या एका तुलनेत 500 मायक्रोग्रॅम जिभेखाली आणि 500 गिळून, दोन्हींनी रक्तातली पातळी सारखीच वाढली. म्हणजे ती खोटी नाही, चालते, पण चालते ती साधी गोळी म्हणूनच. गिळायला त्रास होणाऱ्याने जरूर घ्यावी, पण आतड्याचा प्रश्न असलेल्याने ही इंजेक्शनच्या बरोबरीची आहे असं समजून थांबू नये.

मग इंजेक्शन कोणाला? घाई असेल त्याला, आणि घाई कसली तर मज्जातंतूंची. दोन माणसं समोर ठेवून बघू. दोघांचंही वय 52, दोघंही शाकाहारी, दोघंही नऊ वर्षं रोज 2000 मिलिग्रॅम मेटफॉर्मिन घेतायत, आणि दोघांचाही रिपोर्ट 168 पिकोग्रॅम प्रति मिलीलीटर, म्हणजे 200 च्या खाली, स्पष्ट कमी. पहिल्याला थोडा थकवा सोडून काही नाही. दुसऱ्या बाईंना मात्र सहा महिने दोन्ही तळपायांना मुंग्या, आणि अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. हिमोग्लोबिन दोघांचंही ठीक आहे, आणि इथेच फसगत होते, कारण रक्त चांगलं दिसतंय म्हणून मुंग्या "शुगरमुळे" ठरवल्या जातात. बी ट्वेल्व्हच्या कमतरतेत मज्जातंतू रक्ताच्या आधी बिघडू शकतात. डॉक्टर कंप पावणारा ट्यूनिंग फोर्क पायाच्या अंगठ्याच्या हाडावर ठेवतात तेव्हा या बाईंना तो थरथरतोय हे कळत नाही, गुडघ्यावर ठेवला की कळतं. साखरेनेही असं होतंच, पण डोळे मिटल्यावर इतका तोल जाणं हे मणक्यातल्या मज्जारज्जूकडे बोट दाखवतं, आणि दोन कारणं एकत्र असली तरी त्यातलं भरून काढता येण्यासारखं हेच आहे.

पहिल्याला रोज 1000 ची गोळी आणि तीन महिन्यांनी तपासणी, बस. दुसऱ्या बाईंना इंजेक्शनच, ब्रिटिश पद्धतीत हायड्रॉक्सोकोबालामिन या बी ट्वेल्व्हच्या रूपाचं 1000 मायक्रोग्रॅम दिवसाआड, सुधारणा होत राहील तोपर्यंत, आणि मग दर दोन महिन्यांनी एक. मुंग्या कमी व्हायला आठवडे ते महिने लागतात, सुरुवातीला त्या थोड्या वाढल्यासारख्याही वाटू शकतात, आणि फार उशीर झालेला असेल तर काही नुकसान तसंच राहतं. एकदा साठा भरला आणि कारण शाकाहार आणि मेटफॉर्मिन एवढंच निघालं की यांनाही डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजच्या गोळीवर येता येतं. गोळीत मुळात दम आहे हे 1998 सालच्या एका अभ्यासात दिसलं होतं, नवीन निदान झालेल्या 33 जणांना रोज 2000 मायक्रोग्रॅम गोळी किंवा ठराविक दिवशी इंजेक्शन दिलं आणि चार महिन्यांनी गोळीवाल्यांची रक्तातली पातळी जास्त निघाली, त्यांच्यात इंट्रिन्सिक फॅक्टर नसलेले लोकही होते. तरीसुद्धा तोल जात असताना गोळीवर थांबू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण गोळी रोज घेतली जाईल की नाही याची खात्री नसते आणि इथे हातातून वेळ जातो. उलट रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर स्नायूत सुई टोचण्याआधी विचार करावा लागतो.

बी ट्वेल्व्ह गोळीत वेगवेगळ्या रूपांत मिळतं, त्यातलं मिथाइल घ्यायचं की सायनो, हा वाद खूप चालतो. सायनो स्वस्त आणि टिकाऊ, मिथाइल प्रकाशाने लवकर खराब होतं. "मिथाइल तयार स्वरूपात असतं" हे ऐकायला बरोबर वाटतं, पण पेशीत गेल्यावर दोन्हींचा वरचा भाग काढून टाकला जातो आणि शरीर हवं ते रूप स्वतः बनवतं. सायनोच्या 1000 मायक्रोग्रॅममध्ये सायनाइडचा भाग जेमतेम 20 मायक्रोग्रॅम असतो, किडनी ठीक असलेल्याला त्याची भीती नाही. किडनीचा आजार किंवा लेबर नावाचा डोळ्याच्या नसेचा आनुवंशिक आजार असेल तर मात्र सायनो टाळून दुसरं रूप घेतात.

गोळीच्या पाकिटावर मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय तेही वाचा. "नसांची गोळी" म्हणून मिळणाऱ्या मिश्रणात बी सिक्स बरंच असू शकतं, आणि ते मोठ्या डोसमध्ये महिनोन्महिने घेतलं तर त्यानेच हातापायाला मुंग्या येतात, म्हणजे इलाज वाढवत जायचा आणि मुंग्याही वाढत जायच्या. नुसतं फॉलिक ॲसिडही नको, त्याने रक्त सुधारतं पण मज्जातंतूंची झीज आत चालूच राहते.

तपासणी नेहमी पहिल्या गोळीच्या किंवा इंजेक्शनच्या आधी. इंजेक्शननंतर दोन आठवड्यांनी तपासलं तर आकडा बराच वर येतो आणि तो फक्त इंजेक्शन दिलं गेल्याचा पुरावा असतो, पेशींना पुरतंय की नाही ते त्यातून कळत नाही. शंका असेल, म्हणजे आकडा 200 ते 300 च्या मध्ये आणि लक्षणं आहेत, तर मिथाइलमॅलोनिक ॲसिड किंवा होमोसिस्टिन बघतात, कमतरतेत ती दोन्ही वाढतात, फक्त किडनी अधू असेल तर तशीही वाढलेली दिसतात. आणि रोज 1000 ची गोळी नेमाने घेऊनही तीन महिन्यांत आकडा हलला नाही तर डोस वाढवत बसण्याआधी इंट्रिन्सिक फॅक्टरविरुद्धच्या अँटीबॉडीज तपासायला सांगा, कारण मग प्रश्न आहाराचाही नसतो आणि मेटफॉर्मिनचाही नसतो.