हरताळाखालचं अक्षर

एखाद्या निर्णयाला ‘हरताळ फासला’ असं आपण रोज म्हणतो, पण हा वाक्प्रचार जिथून आला ती वस्तू फार थोड्यांनी पाहिलेली असते. पोथी नकलताना चुकलं, की लेखक त्या अक्षरावर हरताळाचा, म्हणजे आर्सेनिकयुक्त पिवळ्या खनिजाचा, लेप द्यायचा. तो वाळला की त्यावरच नवं अक्षर काढायचा. खोडाखोड नाही की पान फाडणं नाही. जुनं अक्षर मात्र लेपाखाली तसंच शाबूत राहायचं.

ते वाचायची युक्ती हरताळासाठी शोधलेली नाही. युरोपात चामड्याची पानं महाग, म्हणून जुना मजकूर खरवडून त्यावर दुसरा लिहीत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला खालचा मजकूर वाचण्यासाठी अशा पानांवर मायफळाचा अर्क लावत असत. पुसट शाई थोडा वेळ उठून दिसे आणि पुढे पान कायमचं काळवंडे. वाचणारा एकदाच वाचायचा, त्याच्या मागून येणाऱ्याला काहीच उरायचं नाही.

१८९४ मध्ये अर्न्स्ट प्रिंग्सहाइम हे भौतिकशास्त्रज्ञ आणि ओटो ग्राडेनवित्झ हे रोमन कायद्याचे अभ्यासक या दोन जर्मनांनी पानाला हात न लावता हे काम करायची रीत मांडली. एकाच पानाचे दोन फोटो असे काढायचे, की एकात वरचा आणि खालचा असे दोन्ही मजकूर दिसतील आणि दुसऱ्यात जवळपास वरचाच दिसेल. मग एकाची निगेटिव्ह दुसऱ्याच्या पॉझिटिव्हवर तंतोतंत बसवायची. दोन्हींत जे सारखं आहे ते एकमेकांना खाऊन टाकतं आणि फरक तेवढा शिल्लक राहतो, तोच खालचा मजकूर. माझ्या मते या विषयाचा खरा पाया हाच आहे. पुढच्या शंभर वर्षांत दिवे बदलले, काचेच्या प्लेटा जाऊन संगणक आला, पण वजाबाकी तीच राहिली. १९९८ मध्ये लिलावात विकल्या गेलेल्या आर्किमिडीजच्या हस्तलिखितावर अमेरिकेत याच विचाराने काम झालं. लाल उजेडात खालची शाई जवळजवळ नाहीशी होते आणि अतिनील दिव्याखाली दोन्ही शाया गडद दिसतात. हे दोन फोटो वेगवेगळ्या रंगवाहिन्यांत घालून जोडले, की वरची प्रार्थना काळी दिसते आणि खालचं गणित तांबडं.

आपल्या पोथ्यांचं गणित वेगळं आहे. आपली शाई बहुतेक काजळीची. काजळी दृश्य उजेडात काळी दिसते आणि अवरक्त उजेडातही काळीच राहते. हरताळ मात्र अवरक्त उजेडात बऱ्याच अंशी पारदर्शक होतो. म्हणजे साध्या फोटोत फक्त वरचं अक्षर येतं आणि अवरक्त फोटोत दोन्ही अक्षरं एकमेकांत गुंतलेली येतात. १८९४ च्या त्या दोघांना हवी असलेली जोडी इथे आयती मिळते.

नागपूरच्या महाल भागातल्या एका काकूंच्या घरी देवनागरीत लिहिलेली एक पोथी आहे. तिच्या एका पानावर ‘रान’ हा शब्द आहे आणि त्यातला ‘रा’ पिवळ्या ठिपक्यावर दाटीवाटीने बसवलेला आहे. ‘न’ मूळचाच. खाली काय असावं? ‘वन’ किंवा ‘बन’. अर्थ दोन्हींचा एकच, त्यामुळे संदर्भाचा काही उपयोग नाही. पण नकलकाराच्या समोरच्या प्रतीत संस्कृत रूप होतं की मराठी, हे त्या एका रेघेवर ठरणार होतं.

फोटो मे महिन्यात काढले. नागपूरच्या त्या कोरड्या हवेत ट्रंकेतून काढलेलं पान पाहता पाहता कडेने वळायला लागतं, आणि दोन फोटोंच्या मध्ये पान हललं तर सगळंच फुकट. म्हणून कूलर बंद केला, पान आधी तासभर खोलीतल्या हवेत सपाट ठेवलं आणि मगच कॅमेरा वर बसवला. कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढचा अवरक्त अडवणारा फिल्टर काढून घेतलेला होता. पहिला फोटो लाल उजेडात, कारण लाल उजेडात हरताळाचा ठिपका कागदाइतकाच फिका दिसतो आणि वजाबाकीत अडथळा आणत नाही. दुसरा ८५० नॅनोमीटरच्या दिव्यात, सीसीटीव्हीसाठी सीताबर्डीवर मिळतो तसल्या. दिवे थोडाच वेळ लावले, कारण जास्त उजेडाने हरताळ पांढुरका पडतो. लेपाला बोटही लावायचं नाही, ते विष आहे.

एक अडचण इथे हमखास येते. अवरक्त उजेडाचा फोकस जरा वेगळ्या जागी पडतो. फोकस पुन्हा जुळवला की चित्राचा आकार किंचित बदलतो आणि दोन फोटो एकमेकांवर बसत नाहीत. अशा वेळी वजाबाकीत अक्षराच्या एका बाजूला पांढरी आणि दुसऱ्या बाजूला काळी बारीक कड उमटते, आणि ती कड थेट रेघेसारखी दिसते! ओळखायचं कसं? ठिपक्याबाहेरच्या अक्षरांकडे पाहायचं. ती दोन्ही फोटोंत सारखीच काळी आहेत, म्हणून ती पूर्ण नाहीशी व्हायला हवीत. आमच्या पहिल्या जोडणीत सगळ्या ओळीला डावीकडे पांढरी कड होती. आजूबाजूच्या दंडांची टोकं धरून पुन्हा जुळवलं, तेव्हा ओळ कोरी झाली आणि ठिपक्यात एक गोलसर पोट व उभा दंड उरला. ‘व’ किंवा ‘ब’, तिसरं काही नाही.

पोटातली तिरपी रेघ मात्र दिसली नाही, आणि नेमक्या त्याच जागेवरून ‘र’चा पाय जातो. काळ्यावर काळं असलं, की दोन्ही फोटोंत तिथे काळंच येणार आणि वजा केल्यावर शून्य उरणार. ते शून्य ‘रेघ नाही’ असं सांगत नाही, ‘इथे दिसू शकत नाही’ एवढंच सांगतं. जोडलेल्या चित्रात मात्र पोट मोकळं, स्वच्छ दिसतं आणि बघणारा बेधडक ‘व’ वाचून मोकळा होतो. म्हणून जोडलेलं चित्र एकटं कुणाला दाखवू नये, मूळ दोन्ही फोटो शेजारी हवेतच.

तिसरा फोटो तिरप्या उजेडात काढला. त्यात लेपाच्या भेगा दिसल्या, बोरूची खूण नाही. चौथा पानामागून उजेड टाकून काढला, तर मागच्या बाजूचं एक अक्षर बरोबर त्याच जागी आडवं आलं. मग या लेखकाची सवय पाहिली. त्याच पानावर निःसंशय ‘ब’ नऊ आहेत आणि नऊंच्याही पोटात रेघ आहे. म्हणजे तो रेघ गाळणारा नव्हता. पण खाली ‘ब’ होता हे त्यावरून ठरत नाही.

“मग आधी काय लिहिलं होतं जी त्यानं?” काकूंनी विचारलं. मी म्हटलं, “काकू, दोनांतलं एक. कुठलं ते या फोटोंवरून नाही सांगता येत.”

ही शंका लिहायची कशी, यालाही इतिहास आहे. १९३१ मध्ये लायडेन इथे ग्रीक-लॅटिन अभ्यासकांनी संकेत ठरवले, त्यात शंकास्पद अक्षराखाली टिंब येतं आणि नष्ट झालेला भाग चौकटी कंसात. देवनागरीत खालचं टिंब नुक्ता समजलं जाईल, म्हणून ते आपल्याला चालत नाही. आपल्याकडे पाठभेद तळटीपेत देण्याची रीत रुळलेली आहे. नागपुरात वि. भि. कोलत्यांनी पोथ्या ताडून सिद्ध केलेली लीळाचरित्राची आवृत्ती १९७८ मध्ये आली, तीही याच परंपरेतली. त्या तळटीपेत आता एक गोष्ट वाढवावी लागते: कोणत्या उजेडात काय दिसलं. आमची नोंद अशी आहे:

रान] आधी [व/ब]न, हरताळाखाली. अक्षराचं पोट आणि दंड लाल व ८५० नॅनोमीटरच्या फोटोंच्या वजाबाकीत स्पष्ट. पोटातली रेघ ‘र’च्या पायाखाली, अनिर्णित. तिरप्या व मागच्या उजेडातून भर नाही.