फ्लश व्हॉल्व्ह की कन्सील्ड टाकी: ‘प्रेशर’ म्हणजे नेमकं काय ते आधी बघा

घराचं नूतनीकरण निघालं, की भिंतीवरची चकचकीत बटणपट्टी सगळ्यांना आवडते. त्या पट्टीमागे फ्लश व्हॉल्व्ह आहे की कन्सील्ड टाकी, हे मात्र बरेच जण विचारत नाहीत. दुकानदार सांगतो, ‘प्रेशर असेल तर व्हॉल्व्ह, नसेल तर टाकी.’ प्लंबर सांगतो, ‘पाइप टाकून ठेवतो, नंतर काहीही बसवा.’ पहिलं वाक्य अर्धवट आहे आणि दुसरं साफ चूक. या दोन वाक्यांपायी नवीन टाइल फोडण्याची वेळ आलेली अनेक घरं मी पाहिली आहेत.

टाकी सगळ्यांच्या परिचयाची आहे. कमोडच्या पाठीवर बसणारी पांढरी टाकीच चपटी करून भिंतीत घातली, की तिला कन्सील्ड सिस्टर्न म्हणतात. पाणी भरणारा फ्लोट व्हॉल्व्ह तोच, पाणी सोडणारं झाकण तेच, बटणंही लहान-मोठ्या फ्लशची तीच दोन. तिच्याबद्दल आत्ता एवढं पुरे. फ्लश व्हॉल्व्हमध्ये मात्र साठा नसतो. भिंतीत पितळेचा एक व्हॉल्व्ह असतो. तो उघडला की गच्चीवरच्या टाकीतलं पाणी पाइपातून थेट कमोडमध्ये येतं आणि काही सेकंदांनी व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो. पट्टी सारखी दिसते म्हणून या दोन गोष्टी एक होत नाहीत.

आता खरा घोटाळा. ‘आमच्याकडे प्रेशर भरपूर आहे, शॉवर जोरात येतो’ असं लोक सांगतात. शॉवरला मिनिटाला आठ-दहा लिटर मिळाले तरी तो जोरात वाटतो, कारण पाणी बारीक छिद्रांतून बाहेर पडतं. कमोड स्वच्छ व्हायला सेकंदाला एक-सव्वा लिटर लागतं, म्हणजे मिनिटाच्या हिशेबात सत्तरच्या आसपास. फ्लशला एकूण सहा लिटरच पाणी लागतं, पण ते पाच-सहा सेकंदांत एकदम आलं पाहिजे. हे पडताळायला यंत्र लागत नाही. अर्धी बादली पाणी कमोडमध्ये हळूहळू ओता, आतलं काही हलत नाही. तेवढंच पाणी एका झटक्यात ओता, सगळं निघून जातं. सहा लिटर तेच, फरक फक्त वेगाचा.

म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. पाणी थांबलेलं असताना पाइपात दाब किती, हा पहिला. पाणी वाहायला लागल्यावर सेकंदाला किती लिटर येतं, हा दुसरा. दाब गच्चीवरची टाकी किती उंच आहे त्यावर ठरतो, आणि नळ बंद असताना तो अर्ध्या इंची पाइपातही तेवढाच असतो आणि दीड इंचीतही. पाणी धावायला लागलं, की पाइपाच्या भिंतीशी घर्षण होतं आणि तोच दाब वाटेत खर्च होतो. बारीक पाइपात तो भराभर संपतो.

तळमजला आणि वर तीन मजले अशी एक साधी इमारत घेऊ. गच्चीवरच्या टाकीचा तळ स्लॅबपासून एक मीटर वर आहे आणि टाकी भरलेली असताना आत एक मीटर पाणी आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये फ्लशचं बटण फरशीपासून एक मीटरवर आहे, म्हणजे तिथून स्लॅबपर्यंत दोन मीटर. एकूण चार मीटर पाणी, म्हणजे ०.४ बार. (दहा मीटर पाणी म्हणजे साधारण एक बार, एवढं लक्षात ठेवलं तरी दुकानात फसवणूक होत नाही.) टाकी रिकामी होत आली, की ०.३ बार उरतो. तळमजल्यावर याच हिशेबात आणखी नऊ मीटर मिळतात, म्हणजे सव्वा बारच्या वर.

तिसऱ्या मजल्यावर गच्चीवरच्या टाकीपासून शौचालयापर्यंत बारा मीटर पाइप आणि चार-सहा वळणं धरू. दीड इंची म्हणजे ४० मिलिमीटरची लाइन असेल, तर सेकंदाला १.२ लिटर वाहताना त्या चार मीटरांतला साधारण एक मीटर घर्षणात जातो. सव्वा इंची म्हणजे ३२ मिलिमीटरमध्ये निम्म्याहून जास्त जातो, कारण पाइपावर छापलेल्या आकड्यापेक्षा सीपीव्हीसी या प्लास्टिकच्या पाइपाचं आतलं भोक लहान असतं. आणि अर्ध्या इंची लाइनमध्ये? तिथे १.२ लिटर येणंच शक्य नाही. जेमतेम ०.२-०.३ लिटर येईल, म्हणजे सहा लिटर यायला वीस-तीस सेकंद. पाणी येतं, आवाजही होतो, पण मैला जागचा हलत नाही. व्हॉल्व्हला काही झालेलं नसतं. त्याला पाणीच पोहोचत नाही.

अशा वेळी रिड्यूसर, म्हणजे दोन मापांचे पाइप जोडणारा तुकडा, लावून अर्ध्या इंची लाइनवर ३२ चा व्हॉल्व्ह बसवतात, त्याची मला खरोखर चीड येते. व्हॉल्व्हच्या तोंडाशी पाइप जाड करून काही मिळत नाही. मागचे बारा मीटर बारीक असतील, तर पाणी त्या बारा मीटरांएवढंच येणार. ‘प्रेशर पंप लावा’ हाही तोडगा बहुधा फसतो. घरगुती लहान पंप मिनिटाला तीस-चाळीस लिटर देतो, व्हॉल्व्हला सत्तर हवं. शॉवर जोरात येतो, फ्लश तसाच सुस्त राहतो आणि रात्री-बेरात्री प्रत्येक फ्लशला पंप घुरघुरतो.

कन्सील्ड टाकी हाच प्रश्न वेळेच्या जोरावर सोडवते. अर्ध्या इंची लाइनमधून ती सावकाश एक-दोन मिनिटांत भरते. बटण दाबल्यावर पाणी कमोडपर्यंत येतं ते बारा मीटर पाइपातून नाही, हातभर लांबीच्या रुंद नळीतून. त्यामुळे चांगल्या टाकीतून सेकंदाला दोन लिटरच्या आसपास पाणी सुटतं. वरच्या मजल्यावर टाकीचा फ्लश व्हॉल्व्हपेक्षा दमदार असतो, हे ऐकून लोकांना नवल वाटतं. भरायला तिला ०.१-०.२ बार दाब पुरतो, म्हणजे वरचा तिसरा मजलाही तिच्यासाठी आरामाचा. व्हॉल्व्हच्या माहितीपत्रकात किमान दाब पाहा. बऱ्याच मॉडेलांना वाहत्या पाण्याचा निदान अर्धा बार हवा असतो. आपल्या उदाहरणातल्या वरच्या फ्लॅटमध्ये थांबलेल्या पाण्याचाच दाब ०.४ आहे.

आपल्या घरी काय शक्य आहे, ते टाइल बसण्याआधी तपासता येतं. व्हॉल्व्हच्या जागी येणाऱ्या पाइपाचं तोंड उघडं ठेवा, खाली दहा लिटरची बादली धरा आणि वेळ मोजा. आठ-नऊ सेकंदांत भरली तर व्हॉल्व्हचा विचार करा. पंधरा सेकंद लागले तर विषय सोडा. ही चाचणी सकाळी, सगळ्या घरांत पाणी चालू असताना करा. दुपारी तीनला सगळ्याच इमारती उत्तम वागतात.

लाइनचा आणखी एक मुद्दा यातूनच येतो. व्हॉल्व्हची लाइन गच्चीवरून वेगळी उतरलेली हवी. मुंबईच्या कित्येक इमारतींत फ्लशिंगची टाकी आणि लाइन स्वतंत्र असतात, ती पद्धत योग्यच आहे. अंघोळीच्याच लाइनवर व्हॉल्व्ह जोडला, तर कुणी फ्लश केल्याबरोबर शॉवरचं गार पाणी ओढलं जातं आणि उभ्या माणसाच्या अंगावर एकदम कढत पाणी येतं. घरात म्हातारी माणसं किंवा मुलं असतील, तर हा धोका किरकोळ समजू नका.

आवाजाबद्दलही गैरसमज आहे. व्हॉल्व्हचा आवाज मोठा पण थोडक्यात आटपणारा. पाच-सहा सेकंद पाणी वेगाने धावतं आणि तो घोंगाट पाइपातून शेजारच्या खोलीत, कधी खालच्या घरातही जातो. जितका दाब जास्त, तितका आवाज जास्त, म्हणून तळमजल्यावर तो सर्वांत वाईट. शेवटी भिंतीत ‘धाड’ असा दणका बसत असेल, तर व्हॉल्व्ह फार झटकन बंद होतो आहे. धावतं पाणी एकदम अडलं, की तो धक्का पूर्ण लाइनला बसतो आणि कालांतराने सांधे सुटतात. व्हॉल्व्हच्या स्क्रूने वेग जुळवून घ्या किंवा आतलं कार्ट्रिज बदला, आणि पाइप क्लॅम्पने घट्ट धरलेत का ते बघा.

टाकीचा पाणी सोडतानाचा आवाज मऊ असतो, पण नंतर भरताना मिनिटभर सूं-सूं येतो. ‘कन्सील्ड म्हणजे बिनआवाजी’ असं सांगून विकतात, ते खरं नाही. बेडरूमच्या भिंतीत टाकी बसवणार असाल, तर बाहेरून थर्माकोलचं आवरण असलेली घ्या आणि अँगल कॉक थोडा आवळून भरण्याचा वेग कमी करा. टाकी अर्धा मिनिट उशिरा भरेल, झोप मोडणार नाही. कमोडमधला खळाळ आणि मैल्याच्या पाइपातला आवाज दोन्हींत सारखाच, त्यावरून निवड करू नका.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. टाकीला भिंतीत जास्त खोली लागते, त्यामुळे साडेचार इंची भिंत कोरण्यापेक्षा पुढे अर्धी भिंत बांधलेली बरी. एकामागून एक माणसं येतात अशा ठिकाणी, म्हणजे शाळा, कचेरी, मंगल कार्यालय, तिथे टाकी भरायची वाट बघावी लागते. तिथे जाड लाइन आणि व्हॉल्व्ह हेच योग्य. घरासाठी मी टाकीच सांगतो. व्हॉल्व्ह सांगेन तो खालच्या मजल्यावर, स्वतंत्र दीड इंची लाइन आधीच असेल तर.

व्हॉल्व्ह काढून टाकी बसवणं सोपं आहे, ३२ ची लाइन अर्ध्या इंचापर्यंत उतरवता येते. उलट दिशेने जायचं तर गच्चीपर्यंतची लाइन बदलावी लागते. म्हणून ‘नंतर काहीही बसवा’ म्हणणाऱ्या प्लंबरला पाइप झाकण्याआधी विचारा, की हा पाइप गच्चीपासून इथपर्यंत एकाच मापाचा आहे ना. आणि टाकी घेताना पट्टी काढल्यावर आत हात घालून पाण्याचा कॉक बंद करता येतो का, ते दुकानातच करून बघा. येत नसेल, तर वॉशर बदलण्याएवढ्या कामालाही टाइलच फोडावी लागेल.