भाववाढ आणि वटाव दर यांचा मेळ

सिंधुदुर्गातील एका काजू प्रक्रिया उद्योगाला 10 लाख रुपयांचे बी फोडण्याचे यंत्र घ्यायचे आहे, असे समजू. त्यामुळे आजच्या मजुरीच्या दराने वर्षाला 2.6 लाख रुपये वाचतील आणि यंत्र पाच वर्षे चालेल. गुंतवणुकीवर किमान 11.3 टक्के परतावा हवा, असे मालकाने कर्जाचे व्याज आणि स्वतःच्या भांडवलाची अपेक्षा पाहून ठरवले आहे. दरवर्षी 2.6 लाख धरून या दराने वटाव केला, म्हणजे पुढे मिळणाऱ्या रकमा घटवून आजच्या मूल्यात आणल्या, तर पाच वर्षांच्या बचतीचे आजचे मूल्य सुमारे 9.54 लाख रुपये येते, म्हणजे यंत्र तोट्याचे ठरते.

हा हिशेब चुकीचा आहे. बँक आणि गुंतवणूकदार पैशाची घटणारी क्रयशक्ती लक्षात घेऊनच व्याज मागतात, त्यामुळे 11.3 टक्क्यांमध्ये अपेक्षित भाववाढ आधीच सामावलेली आहे. बचत मात्र आजच्याच भावाने मांडली आहे. भाववाढ 6 टक्के धरली, तर अर्विंग फिशर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्रानुसार 1.113 ला 1.06 ने भागून 1.05 मिळतात, म्हणजे भाववाढ वगळून उरणारा वास्तव दर 5 टक्के. (11.3 मधून 6 वजा करून 5.3 काढणे ही केवळ ढोबळ अटकळ आहे.) स्थिर भावांतील 2.6 लाखांना 5 टक्के दर लावल्यास मूल्य सुमारे 11.26 लाख येते आणि यंत्र फायद्याचे ठरते. मजुरीही 6 टक्क्यांनी वाढेल असे धरून पहिल्या वर्षी 2.756 लाख, पुढे त्याच गतीने वाढती बचत मांडली आणि 11.3 टक्के दर लावला, तरी उत्तर तेच येते. दोन्ही वाटा बरोबर आहेत, मात्र एकीचे आकडे आणि दुसरीचा दर घेता येत नाही. वाढत्या बचतीला 5 टक्के दर लावला, तर उलट वाईट प्रकल्पही चांगला दिसू लागतो.

खरी कसोटी लागते ती भाववाढीबरोबर न हलणाऱ्या रकमांच्या बाबतीत. प्राप्तिकरातील घसारा यंत्राच्या मूळ खरेदी किमतीवरून काढला जातो. 15 टक्के दराने पहिल्या वर्षी 1.5 लाखांचा घसारा मिळाला आणि कराचा दर 25 टक्के असला, तर 37,500 रुपयांचा कर वाचतो. हे वर्षअखेरचे रुपये असल्यामुळे स्थिर भावांच्या हिशेबात त्यांना 1.06 ने भागून सुमारे 35,377 धरावे लागतात, आणि पुढील वर्षांची कर-बचत अधिकाधिक वेळा भागावी लागते. राजस्थानातील भाडला सौर उद्यानासाठी 2017 मध्ये लिलावात प्रति युनिट 2.44 रुपये हा दर 25 वर्षांसाठी ठरला, तेव्हा तेथेही विजेचे उत्पन्न रुपयांत स्थिर राहणार होते, पण देखभालीची मजुरी मात्र वाढत जाणार होती. अशा प्रकल्पात सर्व ओळींना एकच भाववाढ लावणे धोक्याचे असते, म्हणून मी चालू भावांचा, म्हणजे त्या त्या वर्षी प्रत्यक्ष असणाऱ्या भावांचा हिशेब पसंत करतो: त्यात प्रत्येक ओळीची वाढ वेगळी मांडता येते आणि बाजारातून मिळालेला दर आहे तसा वापरता येतो.